व्हेंचुरी खत ओढत नाही आणि बर्नुलीचं गणित जुळत नाही: दोन्हींचं दुखणं एकच

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात बर्नुलीचं गणित हमखास येतं आणि दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते: सूत्र पाठ आहे, आकडे बरोबर घातले, तरी उत्तर जुळत नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, वरुडकडच्या एका पोरानं हाच घोळ फार नेमक्या शब्दांत मांडला. घरी संत्र्याची बाग, ठिबक बसवलेलं, पाण्यात खत सोडायला व्हेंचुरी, म्हणजे मध्ये अरुंद होऊन पुन्हा रुंद होणारी नळी. त्याचा प्रश्न असा: "सर, व्हेंचुरीत वेग वाढते त दाब कमी होते, हे पुस्तकात आहे. मंग आमच्या खताच्या ड्रममंधी पाणी उलटं काऊन येते?"

पुस्तक बरोबर आहे आणि ड्रममध्ये उलटं येणारं पाणीही खरं आहे. गडबड मधल्या एका उडीत आहे, आणि उत्तरपत्रिकेतही मुलं तिथेच उडी मारतात. म्हणून ह्याच शेताची पाइपलाइन धरून हिशेब करू. आकडे सोयीचे घेतलेत, पण शेतावर दिसतात तसेच आहेत.

आधी दोन समीकरणं समोर ठेवू.

```
A1 v1 = A2 v2
p1/ρg + v1²/2g + z1 = p2/ρg + v2²/2g + z2 + hL
```

पहिलं सातत्याचं: पाणी दाबलं जात नाही, पाइपात कुठे साठत नाही, म्हणून एका टोकातून सेकंदाला जेवढं शिरलं तेवढंच दुसऱ्या टोकातून निघणार. दुसरं बर्नुलीचं, शेवटी घर्षणाचा तोटा hL जोडून. A म्हणजे पाइपाचं क्षेत्रफळ, v वेग, p दाब, z उंची, ρ पाण्याची घनता. दुसऱ्या समीकरणातलं प्रत्येक पद मीटरमध्ये आहे, म्हणजे पाण्याच्या उभ्या स्तंभाची उंची. प्रेशर गेजवर १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दिसलं की ते १० मीटर, एवढं लक्षात ठेवलं की शेतातलं गेज आणि पेपरातलं गणित एकाच भाषेत येतात.

गणित बिघडतं ते ह्या तीन पदांकडे, म्हणजे दाब, वेग आणि उंचीकडे, एकाच नजरेनं पाहिल्यामुळे. एक वाढलं की दुसरं कमी, एवढंच डोक्यात असतं. पण कोणतं दुसरं? बंद, भरलेल्या पाइपात उंची जमिनीनं ठरवलेली असते. वेग ठरवतात ते डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, आणि पाइपाचा व्यास मिळून. त्या दोघांना बर्नुलीचं समीकरण हात लावू शकत नाही. उरतो तो दाब, आणि सगळी तोंडमिळवणी त्यालाच करावी लागते. म्हणून क्रम असा: आधी सातत्याच्या समीकरणानं दोन्ही ठिकाणचे वेग काढायचे, मग उंची मांडायची, आणि दाब शेवटी. जो मुलगा थेट बर्नुलीत घुसतो त्याच्यासमोर दोन अज्ञात राहतात आणि मग तो अंदाजानं एक खोडतो.

आता विहिरीवरच्या पंपापासून निघू. पंपाजवळ ७५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप आहे, गेजवर २.५ किलो, म्हणजे २५ मीटर. बाग ६ मीटर उंचावर आहे, आणि बागेच्या तोंडाशी पाइप ५० मिलिमीटरचा होतो. डिस्चार्ज सेकंदाला ५ लिटर. बागेच्या तोंडाशी दाब किती?

```
A1 = 0.004418 m²   v1 = 0.005/0.004418 = 1.13 m/s   v1²/2g = 0.07 m
A2 = 0.001963 m²   v2 = 0.005/0.001963 = 2.55 m/s   v2²/2g = 0.33 m

p2/ρg = 25 + 0.07 - 0.33 - 6 = 18.74 m   (hL = 0 धरून)
```

उत्तराकडे जरा थांबून पाहा. वेग दुपटीहून जास्त झाला, पण त्यापायी दाब गेला फक्त पाव मीटर. चढानं मात्र ६ मीटर खाल्ले. पाइपलाइनच्या गणितात वेगाचं पद बहुतेक वेळा असं किरकोळ असतं, कारण शेतातल्या पाइपात पाणी सेकंदाला एक ते अडीच मीटरच धावतं. पाइपलाइनच्या साध्या गणितात वेगाच्या पदानं दाबाचे दहा-पंधरा मीटर हलवले असतील, तर व्यास मिलिमीटरमध्येच राहिला असेल किंवा वर्ग दोनदा झाला असेल. पुढे जायच्या आधी तेवढं तपासा.

आणि बागेत खरोखर गेज लावलं तर १८.७ दिसणार नाही. समजा १.५ किलो दिसलं, म्हणजे १५ मीटर. मधले ३.७ मीटर घर्षणात गेले. घर्षण गुणांक ०.०२ धरला, तर १०० मीटर लांबीच्या ७५ मिलिमीटर पाइपात सुमारे १.७ मीटर जातात, आणि ५० मिलिमीटरच्या अवघ्या १५ मीटर तुकड्यात २ मीटर. शेवटचा तुकडा बारीक घेऊन पैसे वाचवणाऱ्यांनी हा आकडा बघावा. पेपरात मात्र 'तोटा नगण्य धरा' असं लिहिलेलं असेल तर hL मनानं घालायचा नाही. आणि तसं लिहिलेलं नसेल पण दोन्ही दाब दिलेले असतील, तर तोटाच काढायला सांगितलाय असं समजा.

हाच पाइप उलट दिशेनं, ६ मीटर उतारावर गेला असता तर? इथे निम्मा वर्ग फसतो. "पाणी उतारावर जोरात धावतं" हे नाल्याचं सत्य आहे, भरलेल्या पाइपाचं नाही. व्यास तोच असेल तर वरचा वेग आणि खालचा वेग तोच, नाहीतर मध्ये पाइप रिकामा पडेल. मग उतरलेल्या ६ मीटरचं काय झालं? ते दाबात जमा झाले. वर १५ मीटर असेल तर खाली २१, त्यातून घर्षण वजा. म्हणूनच उताराच्या टोकाचे ड्रिपर जास्त पाणी टाकतात, आणि त्या टोकाची जोडणी आधी उखडते.

मग नाल्यात, किंवा नळाच्या मोकळ्या धारेत पाणी खाली येताना जोर धरतं ते का? कारण तिथे दाबाचे हात बांधलेले आहेत. मोकळ्या धारेभोवती हवा आहे, आणि धारेत दाब हवेइतकाच, म्हणजे गेजच्या भाषेत शून्य. दाब बदलू शकत नाही म्हटल्यावर उंचीचा हिशेब वेगालाच चुकवावा लागतो, आणि मग सातत्य आपली वसुली व्यासातून करतं: धार खाली येईल तशी बारीक होते. पाइपात आणि धारेत समीकरणं तीच आहेत, फक्त कोण बांधलेलं आणि कोण मोकळं हे उलटं झालं.

हा फरक पेपरात सगळ्यात जास्त गुण घालवतो तो टाकी आणि नोझलच्या गणितात. टाकीतली पाण्याची पातळी नोझलच्या ५ मीटर वर, पाइप ५० मिलिमीटर, टोकाला २५ मिलिमीटरचं नोझल, तोटा नाही. नोझलच्या तोंडाशी पाणी हवेत सुटतं, म्हणून तिथला दाब शून्य. कितीही जोरात सुटलं तरी शून्यच. "नोझलमधून फोर्सनं येतं म्हणजे प्रेशर जास्त" हे वाक्य उत्तरपत्रिकेत आलं की पुढचं सगळं गेलं. तोंडाशी वेग:

```
v = √(2 × 9.81 × 5) = 9.90 m/s
```

आता पाइपाच्या आत, नोझलच्या जरा अलीकडे वेग किती? पुष्कळ जण तिथेही ९.९ लिहून मोकळे होतात, कारण "५ मीटर उतरलंय ना". पाइपात दाब मोकळा आहे, वेग नाही. वेग सातत्य ठरवणार: व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, म्हणून वेग चौथा हिस्सा, २.४८ मीटर प्रति सेकंद. वेगाचं पद ०.३१ मीटर, आणि दाब ५ उणे ०.३१, म्हणजे ४.६९ मीटर. टाकीच्या उंचीचा जवळजवळ सगळा भाग अजून दाबाच्या रूपातच आहे. तो वेगात उतरतो नोझलच्या शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये.

एवढं हाताखालून गेलं की व्हेंचुरीकडे वळता येतं. बागेच्या तोंडाशी १५ मीटर दाब, ५० मिलिमीटर पाइप, ५ लिटर डिस्चार्ज. त्या पोराच्या गणितात मेन लाइनवरच व्हेंचुरी होती, थ्रोट, म्हणजे मधला अरुंद गळा, २५ मिलिमीटरचा. पहिली चूक तिथे अशी की व्यास निम्मा म्हणून वेग दुप्पट धरला. वेग क्षेत्रफळानं बदलतो, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं, म्हणून वेग चौपट. आणि बर्नुलीत वेगाचा पुन्हा वर्ग, म्हणून वेगाचं पद सोळापट. एक वर्ग विसरला की उत्तर थोडं इकडेतिकडे होत नाही, पार भलतंच येतं.

```
आत:     v = 2.55 m/s    v²/2g = 0.33 m
थ्रोट:   v = 10.19 m/s   v²/2g = 5.29 m
थ्रोटचा दाब = 15 + 0.33 - 5.29 = 10.04 m
```

घ्या, इथेच त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दाब कमी झाला, तब्बल ५ मीटरनं कमी झाला. पण १५ वरून १० वर आला. खताचा ड्रम उघडा आहे, त्यातल्या द्रावणावर फक्त हवेचा दाब, म्हणजे शून्य. थ्रोटमध्ये १० मीटर आणि ड्रममध्ये शून्य असताना पाणी कुठून कुठे जाईल? थ्रोटमधून ड्रमकडे, आणि तेही दणक्यात. 'दाब कमी होणं' आणि 'दाब हवेपेक्षा कमी होणं' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढायला दुसरी लागते. पुस्तकातलं वाक्य फक्त पहिलीबद्दल बोलतं, आणि तेही त्याच प्रवाहाच्या अलीकडच्या जागेशी तुलना करून.

कार्यकारणही इथेच सरळ करून घ्या, तोंडी परीक्षेत विचारतात. वेग वाढला म्हणून दाब आपोआप 'पातळ' होतो असं नाही. अरुंद जागेत शिरताना पाण्याला वेग घ्यावा लागतो, वेग घ्यायला मागून ढकलणारा जोर हवा, आणि तो जोर म्हणजे मागे जास्त दाब, पुढे कमी दाब. जिओव्हानी बातिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ साली निमुळत्या नळ्यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्या दाबाच्या फरकावरून डिस्चार्ज मोजायचा मीटर क्लेमेन्स हर्शेल यांनी पुढच्या शतकात केला. त्यामुळे पेपरात 'व्हेंचुरीमीटर' आला तर ओढण्याचा प्रश्नच नसतो, तिथे फक्त फरक मोजायचा असतो, आणि १५ चे १० झाले तरी मीटरचं काम भागतं. खत ओढणाऱ्या व्हेंचुरीचं तेवढ्यानं भागत नाही.

म्हणूनच शेतात व्हेंचुरी मेनवर सरळ बसवत नाहीत, बायपासवर बसवतात. मेनवर एक वॉल असतो, त्याच्या अलीकडून आणि पलीकडून बारीक पाइप काढून मध्ये व्हेंचुरी. मेनचा वॉल थोडा मिटवला की दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पाणी बायपासनं पळतं. समजा बायपासचा पाइप २० मिलिमीटर, थ्रोट ८ मिलिमीटर, आणि वॉल मिटवून बायपासमध्ये वेग ३ मीटर प्रति सेकंद केला. क्षेत्रफळांचं गुणोत्तर २० भागिले ८ चा वर्ग, म्हणजे ६.२५.

```
थ्रोटचा वेग = 3 × 6.25 = 18.75 m/s
v²/2g:  आत 0.46 m,  थ्रोट 17.92 m
थ्रोटचा दाब = 15 + 0.46 - 17.92 = -2.46 m
```

आता उणे आलं, आणि हे उणे बरोबर आहे. गेज दाब उणे म्हणजे हवेपेक्षा कमी. घाबरून चिन्ह खोडणारे आहेत, म्हणून सांगतो. ड्रममधली पातळी थ्रोटच्या ६० सेंटीमीटर खाली असेल तर द्रावण वर चढवायला ०.६ मीटर लागतात, खताचं द्रावण पाण्यापेक्षा जड म्हणून जरा जास्त. अडीच मीटरची ओढ हाताशी असल्यावर ते चढतं. ड्रम खाली खड्ड्यात ठेवला तर हीच ओढ तिथेच संपते, त्यामुळे उंचीचं पद इथेही हिशेबात आलंच.

बाहेर पडताना व्हेंचुरी पुन्हा रुंद होते, वेग उतरतो आणि दाब वर येतो, पण पूर्ण येत नाही. रुंद होताना पाण्यात भोवरे होतात, आणि साधारण आतल्या दाबाचा पाव ते तृतीयांश भाग कायमचा जातो. बर्नुलीनं थ्रोटपर्यंतचं उत्तर चांगलं मिळतं, थ्रोटच्या पुढचं नाही. पेपरात निमुळत्या भागात तोटा सोडून देतात आणि रुंद होणाऱ्या भागात देत नाहीत, त्याचं कारण हेच.

राहिली दुसरी तक्रार, शेतावर जास्त ऐकू येणारी: "सुरवातीले ओढत होतं, आता ओढणं बंद झालं." व्हेंचुरी तीच, थ्रोट तोच. काय बदललं? बहुतेक वेळा पुढची जाळी चोंदलेली असते, किंवा ड्रिपरमध्ये क्षार बसलेले असतात. पुढे वाट अरुंद झाली की डिस्चार्ज घटतो आणि पंप मागून जास्त दाब धरतो. समजा बायपासमधला वेग ३ वरून २.४ झाला आणि आतला दाब १५ वरून १७ मीटर. थ्रोटचा वेग आता १५, त्याचं पद ११.४७, आतलं ०.२९.

```
थ्रोटचा दाब = 17 + 0.29 - 11.47 = +5.82 m
```

वेग फक्त पाचवा हिस्सा कमी झाला, आणि ओढ जाऊन उलटा प्रवाह सुरू. वेगाच्या वर्गाचा हा फटका आहे. गेजवर दाब वाढलेला पाहून शेतकरी म्हणतो की पंप तर जोरात आहे. पण दाब जास्त म्हणजे प्रवाह जास्त असं नाही. सगळे वॉल बंद केले तर गेज सगळ्यात वर जाईल आणि वेग शून्य असेल. जाळीच्या दोन्ही बाजूंचं गेज पाहा: फरक नेहमीपेक्षा वाढला असेल तर जाळी धुवा, व्हेंचुरी बदलू नका. गेज कमी दाखवत असेल आणि ओढही नसेल तर मात्र उलटीकडे शोधायचं: रात्रीच्या थ्री फेजला व्होल्टेज पडलंय का, विहिरीत पाणी खाली गेलंय का. आणि ओढनळीतून द्रावणाऐवजी बुडबुडे येत असतील तर नळीच्या जोडावर हवा शिरतेय. तिथे बर्नुलीचा काही दोष नाही, क्लॅम्प आवळा.

ह्यावर हुशार मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग थ्रोट आणखी बारीक करू, ७ मिलिमीटर, जास्त ओढेल. तोच ३ मीटरचा वेग धरून गणित करा. थ्रोटचा वेग २४.५, त्याचं पद ३०.६ मीटर, आणि दाब येतो उणे १५ मीटर. कागदावर आकडा येतो, पण असा दाब पाण्यात असू शकत नाही. हवेचाच दाब विदर्भाच्या उंचीवर पाण्याच्या जवळपास १० मीटर आहे. उणे १० म्हणजे निरपेक्ष शून्य, त्याच्या खाली जायला जागाच नाही. आणि तिथपर्यंतही पोचत नाही, कारण त्याआधी पाणी उकळतं. ४० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब साधारण ०.७५ मीटर, म्हणजे उन्हात तापलेल्या पाइपात उणे ९ च्या आसपासच थ्रोटमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. ते पुढे दाब वाढला की फुटतात, खडे वाजल्यासारखा आवाज येतो, आणि प्लास्टिकचा थ्रोट आतून खरवडला जातो. ह्याला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुड्यांनी थ्रोट भरला की ३ मीटरचा वेग राहतच नाही, म्हणजे आपण गृहीत धरलेला आकडाच खोटा ठरतो.

म्हणून पेपरात गेज दाबाचं उत्तर उणे १० मीटरच्या खाली आलं, किलोपास्कलमध्ये उणे ९८ च्या पलीकडे, तर ते तसंच अधोरेखित करून पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका. आधी व्यासाचा वर्ग आणि वेगाचा वर्ग पाहा, मग z चं चिन्ह, मग एका बाजूला गेज आणि दुसऱ्या बाजूला निरपेक्ष दाब असा घोळ झालाय का ते. तिन्ही ठीक असतील तर प्रश्नच बहुधा कॅव्हिटेशनचा आहे, आणि परीक्षकाला हवाय तो दाब नव्हे, तर त्या मर्यादेला बसणारा सगळ्यात जास्त डिस्चार्ज: थ्रोटचा दाब बाष्पदाबाइतका धरायचा आणि समीकरण वेगासाठी सोडवायचं. बर्नुलीत दाब बांधलेला आणि वेग मोकळा, अशी ही आणखी एक जागा.